कर्केचा मंगळ वायाच का?

> सायन पत्रिकेत मंगळ कर्केत १५ अंशांवर आहे. नीच म्हणजे वायाच गेला ना?

नाही हो. इंग्रज ज्योतिषी विल्यम लिलीच्या १६४७ च्या गुणपद्धतीत स्वगृहाला +५, उच्चीला +४, नीचीला −४. स्वगृहासमोरच्या राशीला, म्हणजे ‘डेट्रिमेंट’ला, −५. आपल्याकडे ही वेगळी मोजत नाहीत, म्हणून हा शब्द ऐकला की लोक गोंधळतात. तुमचा मंगळ नीचीचा, म्हणून −४. पण लिली जलराशींचं त्रिकोणस्वामित्व दिवसा-रात्री मंगळालाच देतो, त्याचे +३. उरले −१! असा मंगळ धुसफुसतो, पण लुळा नसतो. हे झालं फक्त राशीचं बळ. भावाचं वेगळं मोजावं लागतं. आणि निरयन पत्रिकेशी ताडून पाहू नका, तिथे हाच मंगळ साधारण २४ अंश मागे, मिथुनेत सापडेल.