नवीन संधिवात स्पेशालिस्ट येतायत, कॅप्शन असं चालेल का?

कोथरूड_रिसेप्शन: आमच्या क्लिनिकमध्ये पुढच्या महिन्यापासून संधिवाताच्या मॅडम येणारेत. मी लिहिलंय, "पुण्यातील नंबर १ संधिवात तज्ज्ञ आता कोथरूडमध्ये! सांधेदुखीपासून १००% मुक्ती, पहिल्या ५० पेशंटना तपासणी फ्री." टाकू का?

सदाशिव_पेठी: अजिबात नको. डॉक्टरांना जाहिरात करायला बंदीच आहे, नाव टाकलं तरी नोटीस येते.

ओपीडीवाली_ताई: एवढंही नाही हो. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलचे २००२ चे नियम अजून चालू आहेत, २०२३ चे नवे आले होते पण लगेच स्थगित झाले. त्या २००२ च्या नियमांत पेशंट ओढायला जाहिरात चालत नाही, पण प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस येणार नाही, फी किती, हे पेपरमधून साधेपणाने कळवायला परवानगी आहे. तुमच्या मजकुरात "नंबर १", "१००%" आणि "फ्री" हे तिन्ही काढा. संधिवात बहुतेकदा वर्षानुवर्षं औषधं घेऊन आटोक्यात ठेवायचा असतो, तिथे मुक्तीचं वचन म्हणजे पेशंटची फसवणूकच. मी असं लिहीन:

"डॉ. ____, एमडी मेडिसिन, डीएम रुमॅटॉलॉजी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी क्र. ____. संधिवात ओपीडी १ तारखेपासून, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी ५ ते ८. तपासणी फी ____. अपॉइंटमेंट रिसेप्शनवर."

आणि मॅडमची डिग्री स्वतः बघून घ्या, त्या विषयाचं वेगळं शिक्षण नसेल तर स्पेशालिस्ट लिहिता येत नाही, चार दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट त्यात धरू नका.

हडपसरचे_काका: आईचे गुडघे दुखतात, मॅडम बघतील का? आणि वेळ खरीच लिहा हो. एका ठिकाणी ५ ते ८ लिहिलेलं बघून आईला रिक्षाने नेलं तर डॉक्टर पावणेसातला आले आणि साडेसातला नंबर बंद, आई तेवढा वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर.

ओपीडीवाली_ताई: काका, आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा, झीज असेल तर हाडांचे डॉक्टर लागतील. वेळेचं मात्र अगदी बरोबर. शेवटचा नंबर किती वाजता घेतात तेही लिहा, आणि मॅडम रजेवर असतील तर आदल्या दिवशी तसं टाका.

सदाशिव_पेठी: त्याच नियमांत डॉक्टरने स्वतःच्या कौशल्याकडे, पदव्यांकडे लक्ष वेधणारी प्रसिद्धी करू नये असंही आहे. मग डीएम ठळक अक्षरात आणि मोठा फोटो कसा चालेल?

ओपीडीवाली_ताई: हे मान्य. म्हणूनच डिग्री साध्या अक्षरात, पाटीवर असते तशी. फोटो मी टाकणार नाही, बाकीची क्लिनिकं सर्रास टाकतात.

कोथरूड_रिसेप्शन: आमचे सर म्हणतात पोस्ट क्लिनिकच्या नावाने आहे, डॉक्टरच्या नाही, त्यामुळे पैसे देऊन बूस्ट केली तरी चालेल?

ओपीडीवाली_ताई: पेशंट ओढायचा नियम संस्थेलाही लागू आहे, त्यामुळे मी तरी बूस्ट करणार नाही. सरांना म्हणावं आधी कौन्सिलला लेखी विचारा.

सदाशिव_पेठी: आणि उत्तर येईपर्यंत क्लिनिकच्या दारावरच लावा.