आकाशातल्या तारा आणि खांब: शेजारचं आकाश उचलून लावावं की तेवढा भाग नव्यानं रचावा?

सायंप्रकाश:
संध्याकाळचा फोटो आहे, ६००० × ४००० पिक्सेल. खाली नारिंगी, वर निळं होत जाणारं आकाश, ढग जवळपास नाहीत. तीन तारा आडव्या जातात आणि उजवीकडे एक खांब छपराच्या मागून वर येतो. फोटोशॉपमध्ये स्पॉट हीलिंगनं तारा काढल्या तर त्या जागी गुळगुळीत पट्टा दिसतो. खांब निवडून कंटेंट अवेअर फिल केलं तर खालच्या बाजूला काळपट ओघळ आला आणि वर एकच डाग तीनदा उमटला. चूक ब्रशची आहे की पद्धतच बदलायला हवी?

दांडपट्टा:
एवढं काही नाही. ब्रश तारेपेक्षा थोडा जाड घ्यायचा, कडा मऊ ठेवायची, Type मध्ये Content-Aware आणि एकेक तुकडा काढत जायचं. पट्टा राहिलाच तर त्यावरून २ पिक्सेलचा गॉशियन ब्लर फिरवा, जोड मिटतो. आकाशात बघण्यासारखं असतं तरी काय!

अवनी_रीटच:
दांडपट्टा यांचं तुकड्यातुकड्यानं काढणं आणि ब्रश थोडा जाड ठेवणं बरोबर आहे. पण मऊ कडा आणि ब्लर या दोन गोष्टींनीच तो गुळगुळीत पट्टा तयार होतो.

आकाश साधं दिसलं तरी त्यात बारीक दाणा, म्हणजे नॉइज, असतो. मऊ कडेखाली मूळ दाणा आणि उचलून आणलेला दाणा एकमेकांत मिसळतात. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की दाण्याचा जोर मूळच्या सुमारे ७० टक्क्यांवर येतो. रंग अगदी जुळलेला असतो, पण तेवढी रेघ घासल्यासारखी दिसते. त्यावर ब्लर दिला की उरलेला दाणाही गेला. म्हणून कडेचा कडकपणा ९० ते १०० टक्के ठेवा. रंग जुळवण्याचं काम हीलिंग करतंच, त्यासाठी मऊ कडेची गरज नाही.

ब्रश किती जाड, हे तारेच्या काळ्या रेघेवरून ठरवू नका. शार्पनिंगमुळे तारेच्या दोन्ही बाजूंना उजळ किनार आलेली असते. ५ पिक्सेलची तार किनारीसकट सहज ११ पिक्सेल भरते. ४०० टक्के झूमवर ती किनार मोजा आणि ब्रश १४-१५ चा घ्या. किनार मागे राहिली तर तार जाते आणि तिच्या जागी दोन फिकट रेघा राहतात. रॉ फाइल असेल तर जांभळी-हिरवी झालर आधी काढून टाका आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी करा. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपकेही तारांच्या आधी पुसा. तुमचा तीनदा उमटलेला डाग बहुधा असाच एखादा ठिपका असावा, फिलनं तो चांगलं आकाश समजून पुन्हा पुन्हा वापरला.

सायंप्रकाश:
ठिपकाच होता, आत्ता मोठं करून पाहिलं. खांबाचं कसं करू? ओघळ तिथेच येतोय.

अवनी_रीटच:
हीलिंग आपल्या फटकाऱ्याच्या कडेबाहेर जे आहे त्याच्याशी रंग जुळवतं. कडेबाहेर काळं छप्पर, अर्धवट राहिलेला खांब किंवा तारेचं टोक असेल, तर तो काळेपणा आत ओढला जातो. कंटेंट अवेअर फिललाही नमुना घ्यायच्या जागेतून छप्पर वगळलं नाही तर तेच होतं. म्हणून खांबाला लगेच हात लावू नका, आधी तो चारही बाजूंनी सुटा करा.

एक रिकामा लेयर घ्या आणि Sample ला Current & Below ठेवा. खांबाला जिथे तारा मिळतात, तिथला प्रत्येक तारेचा ३०-४० पिक्सेलचा तुकडा क्लोन स्टॅम्पनं कापा. हीलिंग इथे वापरायचं नाही. उरलेल्या लांब तारा मग हीलिंग ब्रशनं, शिफ्ट धरून एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला क्लिक करत काढा. तार मधे झोळते, त्यामुळे एका सरळ रेघेत ती बसणार नाही. २००-३०० पिक्सेलचे टप्पे घ्या आणि दर टप्प्याला नमुन्याची जागा बदला, एकदा वरून, एकदा खालून. खालची तार ६० पिक्सेलवर असेल तर नमुना ६० वर घेऊ नका, नाहीतर एक तार पुसताना दुसरी छापली जाते.

आता खांब. समजा ७० पिक्सेल रुंद आहे. आधी क्लोन स्टॅम्पनं शेजारचं आकाश त्यावर ओबडधोबड चढवा. नमुना त्याच उजेडाच्या रेषेवरून घ्या. ही रेषा दर वेळी आडवी नसते. सूर्य कोपऱ्यात असेल किंवा लेन्समुळे कडा काळवंडल्या असतील तर ती वळते. या टप्प्यावर रंगात फरक दिसला तरी चालेल, काळेपणा जाणं महत्त्वाचं. मग नव्या लेयरवर १०० पिक्सेलचा हीलिंग ब्रश घेऊन पूर्ण रुंदी एकाच फटकाऱ्यात वरून खाली न्या. Diffusion कमी ठेवा, दाणेदार चित्राला कमी आकडा मानवतो. अर्धी रुंदी आज, अर्धी उद्या असं केलं की मधोमध शिवण दिसणारच.

छपराजवळ मात्र आधी सिलेक्शन हवं. छपराच्या कडेला अगदी चिकटून आकाशाचा भाग निवडा आणि त्याच्या आतच हीलिंग करा. सिलेक्शनबाहेरचा रंग आत झिरपत नाही, तुमचा ओघळ तिथेच थांबेल.

चौकट:
अवनी सांगतात ते ढगाळ आकाशाला ठीक. ढग नसलेल्या आकाशात शेजारचे तुकडे उचलून लावत बसणं मला पटत नाही. तिथे दोनच गोष्टी असतात, रंगाचा उतार आणि दाणा. उतार नव्यानं बनवता येतो, दाणाही बनवता येतो. आकाश सिलेक्ट करा, तारा आणि खांब कसेही भरा, सगळ्या आकाशाला मोठा ब्लर देऊन दाणा पूर्ण काढा आणि वर एकच दाणा सगळीकडे द्या. सगळा दाणा एकाच हातचा असला की जोड दिसायला जागाच उरत नाही.

काम १६ बिटमध्येच करा. ८ बिटमध्ये ब्लर दिलेला उतार पायऱ्या-पायऱ्यांनी तुटतो. दाण्यासाठी ५० टक्के करड्या रंगाचा लेयर Linear Light मध्ये ठेवा, Add Noise मध्ये Gaussian आणि Monochromatic निवडा. तो दाणा कॅमेऱ्याच्या दाण्यापेक्षा टोकदार असतो, म्हणून त्याला ०.५ पिक्सेल ब्लर द्या. प्रमाण अंदाजानं ठरवू नका. मूळ आकाशाचा ६० × ६० पिक्सेलचा चौकोन निवडून हिस्टोग्राममध्ये Std Dev, म्हणजे उजेडाचे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, बघा, नव्याचाही बघा आणि दोन्ही जुळेपर्यंत दाणा कमी-जास्त करा. ब्लर दिल्यावर आकडा खाली येतो, म्हणून मोजणी ब्लरनंतरची धरा.

अवनी_रीटच:
मोजायची रीत चांगली आहे. एक जोड देते: चौकोन मोठा घेतला तर त्यात रंगाचा उतारही मोजला जातो आणि आकडा फुगतो. शिवाय हिस्टोग्रामवर इशाऱ्याचा त्रिकोण दिसत असेल तर आधी त्यावर क्लिक करा. नाहीतर तो कॅशमधला आकडा दाखवत राहतो.

पण "सगळीकडे एकच दाणा" इथे मी असहमत आहे. कॅमेऱ्याचा दाणा सगळीकडे सारखा नसतो. वरच्या गडद निळ्या भागात तो ठळक असतो, खालच्या उजळ नारिंगीत बारीक. या फोटोत ते दोन्ही टोकं आहेत. सगळ्याला एकच दाणा दिला तर जोड दिसणार नाही हे खरं, पण आकाश छपरापासून सुटं, वरून चिकटवल्यासारखं वाटेल. आणि तीन तारांसाठी चांगलं ९५ टक्के आकाश का फेकायचं?

चौकट:
दाण्याच्या लेयरला वरून खाली जाणारा मास्क द्या, वर पूर्ण आणि खाली कमी. दोन ठिकाणी मोजलं की मास्कचं प्रमाण कळतं. आणि आकाश फेकतोय कुठे? उतार त्याच आकाशाचा आहे.

अवनी_रीटच:
रंगीत दाण्याचं काय? तुमचा Monochromatic दाणा फक्त उजेडाचा आहे. जास्त आयएसओच्या फाइलमध्ये निळ्या चॅनेलचा दाणा वेगळाच असतो, तो तुम्ही ब्लरमध्ये घालवलात.

चौकट:
हे मान्य. जास्त आयएसओला तिन्ही चॅनेल वेगवेगळे मोजावे लागतील आणि तेवढा खटाटोप मीही करणार नाही.

मोरपीस:
माझ्या फोटोत तारा झाडाच्या पानांमधून जातात. तिथेही आकाश ब्लर करून दाणा द्यायचा का?

अवनी_रीटच:
नाही, पानांमध्ये यातलं काहीच चालणार नाही. हीलिंग पानांचा हिरवा आकाशात ओढेल. पानांच्या फटीतली तार लहान, कडक क्लोन ब्रशनं एकेक फट धरून भरा, नमुना त्याच फटीतला किंवा शेजारच्या फटीतला घ्या. पानावरून गेलेली तार दुसऱ्या पानाच्या तुकड्यानं झाका, आणि तो तुकडा एकदाच वापरा. तोच पुन्हा वापरला तर डोळा लगेच पकडतो.

दांडपट्टा:
कडक कडेनं करून पाहिलं, पट्टा खरंच आला नाही. पण १०० टक्के झूमवर मला आधीचाही कधी दिसला नव्हता. तुम्ही तो बघता कसा?

चौकट:
वर तात्पुरता लेव्हल्स लेयर टाका. आकाशाच्या उजेडाचे आकडे १५० ते १९० मध्ये असतील तर काळं टोक १५० वर आणि पांढरं १९० वर आणा. २ आकड्यांचा फरक १३ च्या आसपास होतो, शिवण, ओघळ सगळं उघडं पडतं. काम झालं की लेयर बंद.

अवनी_रीटच:
यावर आमचं एकमत. फक्त त्यानं रंगातला फरक दिसतो, दाण्यातला नीट दिसत नाही. दाण्यासाठी सपाट केलेली प्रत घ्या आणि तिच्यावर १ पिक्सेलचा हाय पास चालवा. गुळगुळीत राहिलेली प्रत्येक जागा सपाट करडी दिसते. शेवटी फोटो लहान करूनही बघा, कारण पुन्हा पुन्हा उमटलेला डाग मोठ्या झूमवर हरवतो आणि अंगठ्याएवढ्या चित्रात ठळक दिसतो.

सायंप्रकाश:
लेव्हल्स लावून पाहिलं. तारांच्या जागा स्वच्छ आहेत, छपराजवळचा ओघळ सिलेक्शननं गेला. खांबाच्या जागी मात्र उजव्या कडेला एक मंद उभी पायरी अजून दिसते, साधारण ३ आकड्यांची.

अवनी_रीटच:
म्हणजे तुमचा हीलिंगचा फटकारा क्लोनच्या कडेच्या आतच संपतोय. क्लोनचा पट्टा ९० पिक्सेलचा झाला असेल तर हीलिंग १२० चं न्या, दोन्ही बाजूंना ते मूळ आकाशावर टेकलं पाहिजे.

चौकट:
किंवा तेवढ्याच पट्ट्यात नवा उतार आणि नवा दाणा. ३ आकड्यांसाठी मी पुन्हा हीलिंगकडे जाणार नाही. फाइल कमी आयएसओची असेल तर दोन्ही करून Std Dev टाका इथे, कोणाचा आकडा मूळच्या जवळ येतो ते बघू.