२०,००० लिटरचा प्लांट आणि चार भविष्यं

उमरेडचा_संचालक
आमच्या दूध संघाचं संकलन हिवाळ्यात रोज १२,००० लिटर, मे-जूनमध्ये ७,०००. मंडळाला कर्ज काढून २०,००० लिटरचा प्रक्रिया प्लांट टाकायचाय, फेड दहा वर्षांची. बाहेरून आलेला सल्लागार म्हणतो, आधी ऊन, सरकारी धोरण आणि नवं तंत्रज्ञान धरून चार भविष्यं लिहून काढा. निम्मे संचालक हसले. मलाही कळेना, हे कामाचं आहे की वेळकाढूपणा?

काटोलचा_भाऊ
वेळकाढूपणाच आहे राजेहो. इथं उद्या पाणी येते का नाही ते सांगता येत नाही आन् तुम्ही २०३५ पाहाले निघाले. २०२४ मधी गाईच्या दुधाले लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं, ते आदल्या वर्षी कोनाच्या कागदावर होतं का? सरकार काय करन ते सरकारलेच माहीत नसते. दूध आहे तं प्लांट टाका, नाही तं खाजगीवाले आहेतच तुमचे सभासद न्याले.

शीतकरणवाला
भाऊ, अनुदान येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कबूल. पण ते पडलं कुणाच्या पदरात? जनावराच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद आणि दुधाचा पैसा थेट बँकेत, एवढं ज्यांचं आधीच जमलेलं होतं त्यांच्या. भाकीत बरोबर यावं यासाठी हा उद्योग करत नाहीत. आज जो निर्णय घेताय तो कुठल्या परिस्थितीत अंगावर येईल, ते आधी बघून ठेवायचं असतं.

संचालकसाहेब, बहुतेक ठिकाणी चूक पहिल्याच पायरीवर होते. एका बाजूला 'ऊन वाढलं', दुसऱ्या बाजूला 'ऊन नाही वाढलं' असे रकाने पाडतात. नागपुरात ऊन वाढणार हे धरूनच चाला, ते चारही चित्रांत सारखंच घाला. शंका ठेवायची ती पुढच्या गोष्टींवर: त्या उन्हात तुमच्या पट्ट्यात किती घरी गाय टिकेल, आणि सगळा खर्च जाऊन लिटरमागे तुमच्या हातात किती उरेल. दुसरं बरंचसं धोरणावर आहे. भारत २०१९ मध्ये आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला तेव्हा न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक कारण होतं. उद्या असाच एखादा करार झाला तर भाव वेगळा. म्हणजे दूध वाढेल की घटेल ही एक रेघ, मार्जिन टिकेल की आटेल ही दुसरी. झाली तुमची चार चित्रं.

आता आकडे टाकू. तुमचे वेगळे असतील तर बदला. २०,०००च्या प्लांटचा हप्ता, पगार, वीज-बॉयलर मिळून रोजचा बांधील खर्च ५४,००० रुपये, १०,०००च्या प्लांटचा ३६,०००. मार्जिन लिटरला ६ रुपये. मोठा प्लांट ९,००० लिटरला बरोबरीत येतो, छोटा ६,०००ला. वर्षाची सरासरी घसरून ७,५०० झाली तर मोठा रोज ९,००० रुपये खातो आणि छोटा तेवढेच मिळवून देतो. त्यातच मार्जिन ४ वर आलं तर तोट्यात दोघंही, पण मोठ्याचा खड्डा रोज २४,०००चा आणि छोट्याचा ६,०००चा. सरासरी १३,००० च्या वर गेली आणि मार्जिन ६ राहिलं, तरच मोठा प्लांट छोट्याला मागे टाकतो. (छोट्यात न मावणारं दूध ना नफा ना तोटा विकलं असं धरलंय.) तुमचं तर हिवाळ्यातलं दूधच १२,००० आहे.

रामटेकची_गोठेवाली
माझ्याकडे चार नागपुरी म्हशी आणि दोन संकरित गाई. मागच्या वर्षी मे महिन्यात गोठ्यात कूलर आणि फॉगर लावले, गाई तगल्या. ऑगस्टमध्ये तेच चालू ठेवलं तर एक गाय तोंड उघडून धापा टाकायला लागली, खाली सगळा चिखल. म्हशी मात्र डबक्यात निवांत. मग संघानं म्हशीच घ्यायला सांगाव्यात का? कर्ज मिळेल का त्यासाठी?

शीतकरणवाला
ताई, कर्जाचं बँकेत विचारा, इथला प्रश्न प्लांटचा आहे. पण तुमचा अनुभव नेमका इथे लागतो. गाईला लागणारा उन्हाचा ताण तापमान आणि दमटपणा दोन्ही मिळून एका निर्देशांकात मोजतात, आणि तो ७२ च्या वर गेला की संकरित गाईला त्रास सुरू होतो. ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर आकडा ८७-८८ येतो. ३१ अंश आणि ८० टक्के असेल तरी ८४. माणसाला वाटतं मे गेला, सुटलो. गाय सप्टेंबरपर्यंत सुटत नाही. त्यात कोरड्या हवेत पाणी उडून गारवा येतो, दमट हवेत ते उडतच नाही. ऑगस्टमध्ये फॉगर बंद करायचा आणि मोठा पंखा थेट अंगावर सोडायचा.

याचा प्लांटशी संबंध असा. त्या चार-पाच महिन्यांत माज मुका जातो, भरवलेली गाय गाभण न राहता उलटते. मे ते ऑगस्टमध्ये गाभण राहिली नाही, तर पुढच्या फेब्रुवारी ते मे मध्ये विणारी नाही. आधीच ७,००० वर असलेला तुमचा उन्हाळा अजून खाली जातो. संकलनाच्या वहीत हे नऊ महिन्यांनी दिसतं, रेतनाच्या वहीत त्याच वेळी. उलटणाऱ्या गाई सलग दोन-तीन वर्षं वाढत गेल्या, तर तुम्ही घटत्या दुधाच्या चित्रात शिरलात असं समजा.

काटोलचा_भाऊ
थांबा, तुमच्याच आकड्यात गफलत आहे. दूध १८,००० झालं तं मोठा प्लांट रोज ५४,००० कमावते, छोटा २४,०००. म्हंजे छोटा बांधून रोजचे ३०,००० गेले. मोठा बांधून फसलो तं फरक १८,०००चाच ना? मंग भित्रेपणा काऊन महाग पडू नये? आता ९० टक्के कालवडीच देणारं सिमेन मिळते, दूध वाढनारच.

शीतकरणवाला
हिशोब बरोबर आहे, इथे तुम्ही मला पकडलंत. फरक एवढाच की छोटा वाढवता येतो, मोठा कमी करता येत नाही. शेड, गटार, बॉयलरची जागा २०,०००च्या मापानं ठेवा आणि यंत्रं १०,०००ची बसवा. त्या सिमेनची आजची कालवड दूध द्यायला अडीच-तीन वर्षं घेते, तेवढ्यात दुसरी यंत्रं बसतात. म्हणून गावोगाव कालवडी मोजा.

काटोलचा_भाऊ
आन् नगरकडून ट्रक भरून गाई आणल्या तं? महिन्याभरात दूध डबल. बँक तीन वर्षांनी त्याच व्याजात कर्ज देईल हे कोन लिहून देते?

शीतकरणवाला
आणलेल्या गाई पहिल्या उन्हाळ्यातच भाकड निघालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. व्याजाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

उमरेडचा_संचालक
आज सचिवांकडून रेतनाची वही मागवली. कोणत्या तारखेला किती गाई भरवल्या ते आहे. उलटल्या किती, तो रकानाच नाही. कालवडींचा आहे, पण २०२२ च्या लम्पीपासून कोरा. १५ तारखेला मंडळाची बैठक आहे आणि प्लांटचं कोटेशन २०,०००चंच आलंय; १०,०००चं मागितलं तर अध्यक्ष म्हणाले, सभासद हसतील.