इंडालची हिंडाल्को: दोन तारखांचा घोळ

> आमच्या बेळगावची इंडाल हिंडाल्को नक्की कधी झाली? कुणी 2000 म्हणतं, कुणी 2005.

दोघंही बरोबर आहेत, घटना दोन आहेत. 2000 साली हिंडाल्कोनं कॅनडाच्या अल्कान कंपनीकडचा इंडालचा, म्हणजे इंडियन ॲल्युमिनियमचा, साधारण 54.6 टक्के हिस्सा घेतला. मालक बदलला, पण इंडाल ही कंपनी म्हणून उभीच राहिली. 2005 मध्ये कोल्लूरचा फॉइल कारखाना वगळून तिचे सगळे धंदे हिंडाल्कोत विलीन झाले. बेळगावचा कारखाना कागदावर हिंडाल्कोचा झाला तो तेव्हा.

म्हणून मधल्या वर्षांत हिंडाल्कोच्या एकट्या ताळेबंदात बेळगाव शोधू नका, सापडणार नाही. वार्षिक अहवालात आधी उपकंपन्यांची यादी बघा. विलीनीकरणाच्या वर्षी विक्री एकदम फुगलेली दिसते, ती वाढ समजू नये. विलीनीकरणाच्या योजनेत 'नियत दिनांक' आणि 'अंमल दिनांक' वेगळे असतात, आकडे नियत दिनांकापासून धरतात.

गंमत म्हणजे अल्काननंच 2005 मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे बनवणारी नोव्हेलिस ही कंपनी वेगळी काढली आणि 2007 मध्ये तीही हिंडाल्कोनं घेतली. पण नोव्हेलिस आजही उपकंपनीच आहे, तेव्हा तिला इंडालच्या रकान्यात टाकू नका.