सोया पिठाचं प्रोटीन 52 की 47.5? माझ्या मते 6.25 ला आता रजा द्या

ब्युरेटवाली
डिफॅटेड सोया पीठ आहे, येल्डाल पद्धतीने नायट्रोजन आला 8.32 टक्के. प्रोटीन थेट मोजत नाही, नायट्रोजनला फॅक्टरने गुणून काढतो. 6.25 ने गुणलं तर प्रोटीन 52, 5.71 ने गुणलं तर 47.5. पाकिटावर कुठला आकडा छापावा? मी म्हणते 5.71. पटत नसेल तर कारण सांगा, फक्त "सगळे तेच वापरतात" हे सोडून.

जुनाखोंड
फॅक्टरवरून भांडायच्या आधी 8.32 वर तरी विश्वास का ठेवायचा ते सांगा. अर्ध्या वेळा पीठ अ‍ॅसिडमधे उकळायचं डायजेशनच कच्चं राहिलेलं असतं आणि बदनाम होतो फॅक्टर. वजन किती, ब्लँक किती, माहीत असलेला नायट्रोजन पूर्ण परत मिळतो का ती रिकव्हरी कशावर बघितली?

ब्युरेटवाली
घ्या. पीठ 0.500 ग्रॅम, कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक, पोटॅशियम सल्फेट आणि चिमूटभर कॉपर सल्फेट. अल्कली घालून डिस्टिल केलेला अमोनिया बोरिक अ‍ॅसिडमधे धरला, 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिकने टायट्रेट केलं. रीडिंग 29.9 मिली, ब्लँक 0.2, उरले 29.7. त्याला 0.1 ने आणि 14.007 ने गुणलं की 41.6 मिलिग्रॅम नायट्रोजन, 500 मिलिग्रॅम पिठात म्हणजे 8.32 टक्के. रिकव्हरी अमोनियम सल्फेटवर पण बघितली आणि ट्रिप्टोफॅनवर पण.

आता माझं दुखणं ऐका. शेवटी एक थेंब जास्त पडला, 0.05 मिली धरा, तर प्रोटीनचा आकडा हलतो जेमतेम 0.09 ने. त्या थेंबासाठी आपण फ्लास्कमागे पांढरा कागद धरून हिरव्याचं राखाडी झालं की गुलाबी झालं ते बघत बसतो, आणि मग कॅल्क्युलेटरवर डोळे मिटून 6.25 दाबतो की लगेच साडेचार टक्के वाढले. मग इतकं जिवावर उदार होऊन टायट्रेशन करायचंच कशाला?

तिरपागडा
अमोनियम सल्फेट 99 च्या वर आलं ना, मग विषय संपला, डायजेशन ठीकच आहे. ट्रिप्टोफॅनवर वेळ कशाला घालवायचा. आणि खरं सांगू का, ही 1883 सालची पद्धत आहे, ती सोडून सरळ ड्युमा मशीन घ्या, सँपल जाळलं की पाच मिनिटांत थेट प्रोटीन, फॅक्टरची कटकटच नाही.

जुनाखोंड
दोन्ही अर्धवट. अमोनियम सल्फेटमधे नायट्रोजन आधीच अमोनियम होऊन बसलेला असतो, त्याला डायजेशनची गरजच नाही. तो 99 आला म्हणजे डिस्टिलेशन गळत नाही आणि अल्कली पुरेशी पडली, एवढंच कळतं. डायजेशनची परीक्षा ट्रिप्टोफॅनसारखं रिंगमधे नायट्रोजन अडकलेलं काहीतरी घेतलं तर होते, ते 98 च्या वर यायला पाहिजे. अमोनियम सल्फेट 99.5 आणि ट्रिप्टोफॅन 94 असं दिसलं तर समजायचं की द्रव निवळल्याबरोबर कुणीतरी हीटर बंद केलाय. काळं जाऊन स्वच्छ हिरवट-निळं दिसायला लागलं म्हणजे कार्बन गेला, नायट्रोजन सगळा सुटला असं नाही, त्यानंतरही बराच वेळ उकळत ठेवावं लागतं. पोटॅशियम सल्फेट घालायचं कारण तेच, त्याने अ‍ॅसिडचा उत्कलनबिंदू चढतो. पण त्याच्या नादात अ‍ॅसिड जास्त उडून गेलं तर थंड झाल्यावर फ्लास्कमधे दगड होतो आणि तापमान फार चढलं असेल तर अमोनियाही निसटतो. ताईंनी दोन्ही बघितलंय म्हणतात तर 8.32 मी मान्य करतो.

आणि ड्युमा मशीनबद्दल, ते पण नायट्रोजनच मोजतं हो. स्क्रीनवर प्रोटीन दिसतं कारण सेटिंगमधे कुणीतरी फॅक्टर भरून ठेवलेला असतो. उलट ते नायट्रेटचा नायट्रोजन पण पकडतं, जो साध्या येल्डालमधे पूर्ण येत नाही, त्यामुळे पालेभाज्यांमधे दोन्हीचे आकडे जुळत नाहीत.

तिरपागडा
सेटिंगमधे फॅक्टर असतो हे ठीक आहे, पण अ‍ॅसिडच्या वाफा आणि कॉपरचं सांडपाणी तरी वाचतं की. तेवढ्यासाठी तरी मी मशीनच घेईन.

सरळरेघ
मी लेबलं बनवणाऱ्यांपैकी आहे आणि मी 6.25 च्या बाजूने आहे, सवय म्हणून नाही. ब्युरेटवाली, तुम्ही प्रोटीन 52 वरून 47.5 केलंत, ते साडेचार ग्रॅम गेले कुठे? पाकिटावरचे कार्बोहायड्रेट बहुतेक ठिकाणी कुणी मोजत नाही, 100 मधून पाणी, फॅट, राख आणि प्रोटीन वजा करून जे उरेल ते कार्बोहायड्रेट. म्हणजे तुमच्या 5.71 ने पिठात साडेचार ग्रॅम कार्बोहायड्रेट वाढले, जे त्यात आधी नव्हते आणि आताही नाहीत. कॅलरी तेवढ्याच, कारण दोन्हीला 4 नेच गुणतो. बरं, लायसिन समजा 100 ग्रॅम पिठात 3.2 ग्रॅम आहे. 52 ने भागलं तर एक ग्रॅम प्रोटीनमागे 62 मिलिग्रॅम, 47.5 ने भागलं तर 67. पीठ तेच, खाणाऱ्याच्या पोटात तेच जातंय, फक्त दर्जा सुधारल्यासारखा दिसतो. हा सगळा हिशोब, आणि एका मालाची दुसऱ्याशी तुलनाही, एका ठरलेल्या आकड्यावर उभी आहे, त्यातली एक वीट काढली की बाकीच्या पण हलवाव्या लागतात.

ब्युरेटवाली
कार्बोहायड्रेटचा मुद्दा चांगला आहे पण तो माझ्याच बाजूने जातो. आता 6.25 लावून तुम्ही कार्बोहायड्रेट साडेचारने *कमी* दाखवताय, ते कसं चालतं? वजाबाकीत एक आकडा फुगवला की दुसरा आपोआप बारीक होणारच.

आणि 5.71 हे हवेतून आलेलं नाही. 6.25 म्हणजे प्रोटीनमधे 16 टक्के नायट्रोजन धरलाय, 100 भागिले 16, बस. सोयाचं मुख्य साठवणीचं प्रोटीन ग्लायसिनिन, त्यात 17.5 टक्के नायट्रोजन, 100 भागिले 17.5 केलं की 5.71. बियांच्या प्रोटीनमधे ग्लुटामिन, अ‍ॅस्परजिन आणि अर्जिनिन भरपूर, एकट्या अर्जिनिनच्या रेणूत चार नायट्रोजन, म्हणून तेवढ्याच वजनात नायट्रोजन जास्त. दुधाच्या केसीनमधे साधारण 15.67 टक्के, म्हणून दुधाला 6.38. आता दोन्हीला 6.25 लावा. दुधाचं प्रोटीन दोन टक्क्यांनी कमी दिसतं आणि सोयाचं साडेनऊ टक्क्यांनी जास्त. सरळरेघ म्हणतात एकच फॅक्टर तुलनेसाठी बरा, पण ही तुलना आहे का? एकाच्या तागडीत आधीच वजन टाकून ठेवलंय.

डंबेलभाऊ
मस्त धागा. मला सांगा, मी घेतो त्या पावडरवर 80 टक्के प्रोटीन लिहिलंय, तर 6.25 ने बघायचं झालं तर एका वेळी शरीर किती ग्रॅम पचवतं?

जुनाखोंड
भाऊ, पचनाशी या फॅक्टरचा संबंध नाही, डायजेशन म्हणजे इथे उकळतं सल्फ्युरिक अ‍ॅसिड आहे. पण पावडरचं नाव काढलंत म्हणून सांगतो. ग्लायसिन हे स्वस्त अमिनो अ‍ॅसिड आहे, त्यात 18.7 टक्के नायट्रोजन. ते 6.25 ने गुणलं की 100 ग्रॅम ग्लायसिन रिपोर्टमधे 117 ग्रॅम प्रोटीन म्हणून दिसतं. क्रिएटिनमधे 32 टक्के नायट्रोजन, म्हणजे 100 चे 200. फ्लास्कला नायट्रोजन कुठून आला ते कळत नाही, तो सगळा अमोनियाच करून टाकतो. तुमच्या डब्यावरच्या घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली तर त्या 80 मधला किती भाग खरा याची शंका घ्यायला हरकत नाही. त्याला तोडगा आहे, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने प्रोटीन साखळवून गाळायचं, सुटं अमिनो अ‍ॅसिड, युरिया, क्रिएटिन हे पाण्यातच राहतं, मग गाळलेल्या साक्याचाच नायट्रोजन काढायचा.

डंबेलभाऊ
म्हणजे यादीत ग्लायसिन दिसलं तर डबा परत करू का? आणि ते पचवायचं राहिलंच.

तिरपागडा
मग ताईंचा फॅक्टर बदलून काय फायदा? 2008 मधे चीनमधे दुधात मेलामिन मिसळलं होतं, लाखो बाळं आजारी पडली, तेव्हा पण नायट्रोजनचाच आकडा फसला होता ना.

ब्युरेटवाली
मेलामिनमधे दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचं. तिथे 6.25 असो, 6.38 असो, 5.71 असो, कुठलाही फॅक्टर लावा, फसवणूक पकडली जाणार नाही. तो प्रश्न नायट्रोजन कुठला हा आहे. माझा प्रश्न नायट्रोजन प्रोटीनचाच आहे हे माहीत असताना त्याला किती ने गुणायचं हा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कृपया एका फ्लास्कमधे घालू नका.

जुनाखोंड
आता ताईंच्या विरोधात बोलतो. 5.71 तरी किती पक्कं? ते 1931 च्या जोन्सच्या तक्त्यातून आलंय आणि ग्लायसिनिन या एकाच प्रोटीनवर बसवलंय. तुमच्या पिठात बाकीची प्रोटीनं आहेत, शिवाय प्रोटीन नसलेला थोडा नायट्रोजन आहे, तो पण 8.32 मधे मोजला गेलाय. खरं पाहायचं तर पीठ 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिकमधे 110 डिग्रीला 24 तास ठेवून अमिनो अ‍ॅसिड एकेक मोजावी लागतील, प्रत्येकातून साखळीतलं पाणी वजा करून बेरीज करायची. पण त्यात पण ट्रिप्टोफॅन जळून जातं, सेरिन थोडं घटतं, व्हॅलिन पूर्ण सुटायला 24 तास पुरत नाहीत, म्हणजे तिथेही दुरुस्त्या आल्याच. म्हणून दोन दशांशापर्यंत 5.71 लिहून "हे खरं" म्हणायला मी तयार नाही. 6.25 पेक्षा जवळचं, एवढं म्हणा, मग मी सही करतो.

ब्युरेटवाली
तेवढी सही पुरे मला. जवळचा आकडा हाताशी असताना लांबचा का छापायचा, एवढंच विचारतेय.

सरळरेघ
कारण घेणाऱ्याच्या करारात 52 लिहिलेलं असतं, 47.5 नाही. मी उद्या फॅक्टर बदलला तर माझं पीठ रातोरात निकृष्ट ठरतं आणि शेजारचा जुन्याच फॅक्टरवर 52 छापत बसतो. सगळ्यांनी एका दिवशी बदलायचं ठरवलं तर मी पहिला, एकट्याने नाही. तोपर्यंत रिपोर्टवर नायट्रोजनचा आकडा आणि वापरलेला फॅक्टर दोन्ही लिहा, ज्याला जो पाहिजे तो गुणाकार करेल.

ब्युरेटवाली
रिपोर्टवर लिहिते मी. पाकिटावर कोण वाचणार?

शेवगा
उशिरा आलो. आमच्याकडे सोया पीठ आणि दुधाची पावडर मिसळून केलेलं मिश्रण येतं, त्याला कुठला फॅक्टर? 5.71, 6.38, का दोन्हीची सरासरी?

जुनाखोंड
सरासरी नका मारू, वजनं सारखी असली तरी दोन्हीतून येणारा नायट्रोजन सारखा नसतो. प्रमाण माहीत असेल तर सोयाचा नायट्रोजन वेगळा काढा, दुधाचा वेगळा, आपापल्या फॅक्टरने गुणा आणि बेरीज करा. समजा 100 ग्रॅम मिश्रणात सोयाकडून 4 ग्रॅम नायट्रोजन आला आणि दुधाकडून 2, तर 22.8 अधिक 12.8, म्हणजे 35.6. सरसकट 6.25 लावलं तर 37.5.

शेवगा
प्रमाण माहीत नाही, तयार पाकीट येतं.

जुनाखोंड
मग मी तरी 6.25 च लावतो आणि खाली तसं लिहितो.

ब्युरेटवाली
मी नाही लावणार. नायट्रोजन लिहीन आणि प्रोटीनचा रकाना रिकामा सोडेन.

सरळरेघ
रिकामा रकाना दिसला की तुमचा रिपोर्ट परत येईल, मग बोलू.