मित्राच्या नावाचं डुप्लिकेट प्रोफाइल आणि "अर्जंट पैसे पाठव": तुमचे अनुभव सांगा, खात्री कशी केलीत?

परळकर_वैदेही
माझ्याच नावाचं दुसरं फेसबुक प्रोफाइल कोणीतरी उघडलं, तोच डीपी, तोच गणपतीतला कव्हर फोटो, आणि माझ्या लिस्टमधल्या लोकांना रिक्वेस्टी जायला लागल्या. ज्यांनी घेतल्या त्यांना लगेच मेसेंजरवर, "कशी आहेस, एक काम होतं, 15,000 हवेत, माझं युपीआय लिमिट संपलंय, या नंबरवर टाक, संध्याकाळी परत करते". बोरिवलीच्या मावसभावाने पाठवले. मला कळलं ते त्याने रात्री "मिळाले का गं?" म्हणून फोन केला तेव्हा. माझं खरं अकाउंट जसंच्या तसं होतं, पासवर्ड वगैरे काही गेला नव्हता. तुमच्याकडे असं झालंय का, आणि पैसे पाठवायच्या आधी ओळखायचं कसं?

मुलुंड_चेकनाका
सोप्पंय, म्युच्युअल फ्रेंड्स बघायचे. वीस-पंचवीस कॉमन असतील तर माणूस खरा, शून्य असतील तर फेक.

निवृत्त_बँकवाला
मुलुंडवाले, शून्य असतील तर संशय घ्यायचा हे बरोबर, पण वीस आहेत म्हणून खरा असं नाही हो. वैदेहीताईंच्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी रिक्वेस्ट घेतली ते सगळे त्या डुप्लिकेटचे पण फ्रेंड झाले ना, मग पुढच्याला तेवढे कॉमन दिसणारच. आपली फ्रेंड लिस्ट सगळ्यांना दिसते तिथूनच त्यांना ही नावं मिळतात, ती सेटिंगमध्ये "Only me" करून टाका.
त्यापेक्षा चॅट बघा. जुनी मैत्रीण असेल तर मागचे वाढदिवसाचे मेसेज, फोटो काहीतरी वर दिसायला हवं. नवीन प्रोफाइलवरून आलं की चॅट कोरं असतं. आणि जो आधीच लिस्टमध्ये आहे त्याचीच परत रिक्वेस्ट का आली, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.
शेवटची जागा म्हणजे युपीआय. पिन टाकायच्या आधी ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव स्क्रीनवर येतं. ते वैदेही नसून भलतंच कोणी असेल तर तिथेच थांबा. "लिमिट संपलंय, मित्राच्या नंबरवर टाक" हे त्या वेगळ्या नावाचं आधीच तयार ठेवलेलं उत्तर असतं.

परळकर_वैदेही
हो! भावाला परक्या माणसाचं नाव दिसलं होतं, पण लिमिटचं वाचलेलं असल्यामुळे त्याला ते पटलं.

दादर_फुलमार्केट
मला सोफा विकताना असंच झालं, समोरचा म्हणाला क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील. हे तेच ना?

निवृत्त_बँकवाला
नाही, तो वेगळा प्रकार. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं तिथे पुरेसं आहे. इथे माणूस स्वतःच समजून उमजून पाठवतो, फक्त चुकीच्या माणसाला.

विक्रोळी_फास्ट_लोकल
बँकवाले काका, तुमचं कोऱ्या चॅटचं आमच्याकडे चाललं नसतं. माझ्या ऑफिसमधल्याचं अकाउंटच हॅक झालं होतं, म्हणजे लिंक तीच, जुनं चॅट सगळं तिथेच, आणि त्यातूनच "आई अ‍ॅडमिट आहे, 20 हजार टाक". माझ्या मोबाइलमध्ये त्याचा जुना नंबर सेव्ह होता त्यावर फोन लावला, तो लोकलमध्ये असावा, उचलला नाही. मेसेजमध्ये एक "नवीन नंबर" दिला होता तो मुद्दाम लावला नाही. मग त्याच्या बायकोला लावला, तर सासूबाई घरी टीव्ही बघत होत्या. आता माझा नियम हाच, खात्री मेसेज आला त्या रस्त्याने करायचीच नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करायची. फोन लागला नाही तर पैसे थांबले, मग समोरचा कितीही घाई करू दे.

गिरगाव_चाळ_नं_3
पण हल्ली आवाज पण नकली काढतात म्हणे, मग फोनचा तरी काय भरवसा?

विक्रोळी_फास्ट_लोकल
आपण स्वतः जुन्या नंबरवर लावला तर ते अवघड आहे, तिकडून आलेल्या कॉलचं मात्र मी सांगू शकत नाही. आम्ही घरात एक प्रश्न ठरवलाय, ज्याचं उत्तर कुठल्याच फोटोत किंवा पोस्टमध्ये नाही. "कॉलेज कुठलं" असलं विचारू नका, ते प्रोफाइलवरच लिहिलेलं असतं.

परळकर_वैदेही
भावाने रात्रीच 1930 ला फोन केला, युपीआयचा 12 आकडी व्यवहार नंबर विचारला म्हणून तो हाताशी ठेवा, मग cybercrime.gov.in वर तक्रार. थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवलीय असं कळलं, बाकीची आधीच काढली गेली होती. ज्याच्या नावावर खातं होतं तोच चोर की त्याने खातं भाड्याने दिलं होतं, ते अजून कळलं नाही. डुप्लिकेट प्रोफाइल त्या चोराने मला ब्लॉक केल्यामुळे मला दिसतच नव्हतं, म्हणून भावाकडून त्याची लिंक घेतली आणि मित्रांना रिपोर्ट करायला लावलं, तिथे "Fake profile" मध्ये माझं खरं अकाउंट निवडता येतं. रिपोर्ट करायच्या आधी चॅट आणि लिंकचा स्क्रीनशॉट काढा, प्रोफाइल उडालं की तक्रारीला जोडायला काही राहत नाही. अडकलेली रक्कम परत मिळालेलं इथे कोणी आहे का, किती दिवस लागले?