मदत हवी आहे : स्नेहसंमेलनाच्या कॅप्शनमध्ये ढेमसा या आदिवासी नाचाचं श्रेय कसं लिहू?

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याकडे आमचा छोटा नृत्यवर्ग आहे. येत्या शनिवारी मंगल कार्यालयात वार्षिक कार्यक्रम आहे, त्याचं कॅप्शन माझ्या गळ्यात पडलंय.

मागच्या वर्षी आधी सगळ्या पोरींची नावं टाकली. तिकिटाची ओळ 'आणखी वाचा'च्या खाली दबली अन् रात्रभर फोन, "बाई, तिकीट कितीचं?" म्हणून यंदा सुरुवात अशी:

"शनिवार, संध्याकाळी ६. तिकीट ५० रुपये, पाच वर्षांखालच्यांना माफ. खुर्च्यांवर नंबर नाहीत, आधी येईल त्याला जागा. पहिली रांग आजी-आजोबांसाठी. लेकरं पुढं सतरंजीवर."

मग नाचानुसार नावं. लेकरांचं फक्त पहिलं नाव, आडनाव-गाव नाही.

अडलंय ढेमशापाशी. कथक आमच्या वर्गाच्या बाईंनी बसवलं, तिथं 'नृत्यदिग्दर्शन' ठीक. ढेमसा मात्र कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या काकांनी शिकवला. बाईंनी फक्त स्टेजच्या मापानं गोल लहान केला. दोघांना 'दिग्दर्शन' लिहिलं तर काकांचं शिकवणं झाकलं जातं. "पारंपरिक ढेमसा. शिकवणी: काका. मंचरचना: बाई" असं चालेल का? ढोलवाल्यांचं नाव त्याच ओळीत घेऊ की वेगळं? उद्या टाकायचंय.